ती तेव्हा साताऱ्यात राहत होती

मसाले आणि फराळ घरपोच पाठवणारी एक मध्यम आकाराची कंपनी डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यात किती विक्री झाली, याचा अहवाल महिना संपताच निघाला. वर्षभराने त्याच महिन्याचा तोच अहवाल पुन्हा काढला, तर आकडा कमी आला. मधल्या काळात एकही बिल रद्द झालेलं नव्हतं, कुणाला पैसे परत दिलेले नव्हते. सरून गेलेल्या महिन्याची विक्री मागाहून घटली कशी?

झालं असं की मधल्या काळात काही ग्राहकांनी घरं बदलली. C-1042 या क्रमांकाच्या ग्राहक बाई २०२२ मध्ये साताऱ्यात राहत होत्या. १५ जून २०२३ ला त्या पुण्यात, कोथरूडला राहायला गेल्या. ग्राहकांच्या तक्त्यात प्रत्येकासाठी पत्त्याची एकच जागा होती, तिथला सातारा पुसून पुणे लिहिलं गेलं. अहवाल काढताना संगणक बिलावरचा ग्राहक क्रमांक वाचतो आणि त्या क्रमांकापुढचा पत्ता उचलतो. त्याला आता पुणे दिसतं. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी पोचलेला २,४०० रुपयांचा फराळ पुण्याच्या नावावर चढला.

पार्सल पोचवणाऱ्या माणसाला आजचाच पत्ता हवा असतो, म्हणून रोजच्या व्यवहाराच्या यंत्रणेत जुना पत्ता पुसणं बरोबरच आहे. पण वर्षानुवर्षांचा हिशेब जिथे साठवतात त्या डेटा वेअरहाऊसमध्ये पुसणं म्हणजे झालेली गोष्ट न झाल्यासारखी करणं. अमेरिकेतल्या राल्फ किंबॉल यांनी १९९६ मध्ये ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ या पुस्तकात यावरची पद्धत मांडली. ‘स्लोली चेंजिंग डायमेन्शन’ हे तिचं नाव. ग्राहकाचा पत्ता रोज बदलत नाही, पण कधीतरी बदलतोच. अशा संथपणे बदलणाऱ्या माहितीसाठी ही रीत आहे. जुनं पुसून नवं लिहिणं हा तिच्यातला पहिला प्रकार. जुनी ओळ ठेवून नवी ओळ जोडणं हा दुसरा, म्हणजे टाइप टू, आणि पत्त्यासाठी तोच लागतो.

सातबारा पाहिलेल्या माणसाला हे नवं वाटणार नाही. जमीन विकली गेली तरी जुन्या खातेदाराचं नाव खोडून नाहीसं करत नाहीत. ते कंसात जातं, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो आणि खाली नवं नाव चढतं. वेअरहाऊसमध्ये C-1042 च्या ओळी अशा दिसतात:

```
customer_key  customer_id  city    valid_from  valid_to
501           C-1042       Satara  2021-03-10  2023-06-15
812           C-1042       Pune    2023-06-15  9999-12-31
```

बाई एकच, ओळी दोन. `customer_id` हा कंपनीने दिलेला क्रमांक दोन्ही ओळींत तोच आहे. `customer_key` मात्र वेअरहाऊसने स्वतः दिलेला, प्रत्येक ओळीचा वेगळा क्रमांक. या क्षेत्रातले लोक त्याला सरोगेट की म्हणतात. सगळी युक्ती याच रकान्यात आहे. २०२२ च्या दिवाळीचं बिल वेअरहाऊसमध्ये आलं तेव्हा त्याच्यावर ५०१ लिहिलं गेलं, २०२३ च्या दिवाळीच्या बिलावर ८१२. पहिल्या बिलाचा पत्ता केव्हाही विचारा, ते ५०१ कडेच बोट दाखवणार आणि उत्तर सातारा येणार. ९९९९ सालची तारीख म्हणजे ‘अजून चालू आहे’ एवढीच खूण. ती जागा रिकामी सोडली तर चालत नाही का? चालतं, पण रिकाम्या जागेशी तारखेची तुलना केली की उत्तर ना हो येतं ना नाही, आणि प्रत्येक प्रश्नात त्याची वेगळी सोय करावी लागते. ती एखाद्या ठिकाणी राहून गेली, तर नेमके आजचे पत्तेच अहवालातून गळतात.

चौकस वाचक इथे विचारेल की बिलावर पत्ता असतोच, मग एवढा खटाटोप कशाला? बिलावरचा पत्ता बिलावरच राहायला हवा, त्याला कुणी हात लावू नये. पण ज्या महिन्यात बाईंनी काहीच मागवलं नाही, त्या महिन्याचं बिलच नाही. ‘मार्च २०२३ मध्ये साताऱ्यातल्या किती ग्राहकांनी एकही ऑर्डर दिली नाही?’ हा धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बिलांची थप्पी त्याचं उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी त्या महिन्यात साताऱ्यात कोण कोण राहत होतं, हे वेगळं माहीत असावं लागतं.

आता तक्त्यातल्या तारखा नीट पाहा. पहिली ओळ १५ जूनला संपते आणि दुसरी १५ जूनलाच सुरू होते. मग १५ जूनची ऑर्डर कुणाची? नियम असा की सुरुवातीची तारीख धरायची आणि शेवटची सोडायची. म्हणजे १५ जून पुण्याचा. पण प्रश्न लिहिणाऱ्याने सवयीने `BETWEEN` वापरलं, तर त्यात दोन्ही टोकं धरली जातात. १५ जूनची ऑर्डर दोन्ही ओळींना लागते आणि विक्री दुप्पट दिसते. हे टाळायला काही जण पहिली ओळ १४ जूनला संपवतात. नुसत्या तारखा असतील तोवर ते निभावतं. ऑर्डरला वेळही असली की १४ जूनच्या संध्याकाळी सहाची ऑर्डर कुठेच बसत नाही, कारण संगणकाच्या लेखी नुसती ‘१४ जून’ म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, दिवस सुरू होण्याचा क्षण. ती ऑर्डर अहवालातून गुपचूप गायब होते. एका ग्राहकाच्या दोन ओळी एकमेकींवर चढल्या आहेत का, हे रोज तपासावं. त्यासाठी एवढा प्रश्न पुरतो आणि त्याचं उत्तर रिकामं यायला हवं:

```sql
SELECT a.customer_id
FROM dim_customer a
JOIN dim_customer b
  ON a.customer_id = b.customer_id
 AND a.customer_key < b.customer_key
 AND a.valid_from < b.valid_to
 AND b.valid_from < a.valid_to;
```

तारखांचा हिशेब एकदा बसवला की बसतो. खरी अडचण माणसांकडून माहिती कशी येते यात आहे. साताऱ्याचा पिन ४१५००१. टंकताना आकडे उलटसुलट होऊन ४५१००१ झालं, तर ग्राहक मध्य प्रदेशात जातो, कारण ४५१ ने सुरू होणारे पिन तिकडचे. चूक लक्षात आल्यावर कुणी पिन सुधारला, की वेअरहाऊसला फक्त ‘पिन बदलला’ एवढंच कळतं. ते इमानदारीने नवी ओळ जोडतं आणि बाई काही महिने मध्य प्रदेशात राहून आल्याचा इतिहास तयार होतो. त्या तिथे कधी राहिल्याच नव्हत्या. अशी दुरुस्ती पहिल्या प्रकाराने, पुसून करायची असते. पण दुरुस्ती कुठली आणि स्थलांतर कुठलं, हे रात्री चालणारा प्रोग्राम ओळखू शकत नाही. ते पत्ता बदलणाऱ्या माणसालाच माहीत असतं. म्हणून पत्ता बदलण्याच्या फॉर्मवर ‘घर बदललं’ की ‘चूक सुधारली’ हा प्रश्न हवाच. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे.

दुसरी अडचण उशिरा येणाऱ्या बातमीची. बाई १५ जूनला पुण्याला गेल्या, पण कंपनीला कळवलं २ जुलैला. मधे २० जूनला त्यांनी फोनवर एक ऑर्डर दिली होती. रात्रीचा प्रोग्राम नव्या ओळीला २ जुलै ही तारीख देऊन मोकळा झाला, तर २० जूनची ऑर्डर कायमची साताऱ्याच्या नावावर राहते. तारीख बाईंना विचारून १५ जून घ्यायला हवी आणि मधल्या बिलांवरचं ५०१ बदलून ८१२ करायला हवं. नेमकी तारीख मिळालीच नाही, तर कळलं तो दिवस घ्यावा आणि तसं शेजारी नोंदवावं.

पण एवढ्यानेही भागत नाही. जूनचा अहवाल १ जुलैलाच साहेबांकडे गेला होता आणि त्यात ती ऑर्डर साताऱ्याची होती. आज काढलेल्या अहवालात ती पुण्याची दिसेल. दोन्ही कागद आपापल्या दिवशी बरोबर होते. फरक कशाने पडला हे दाखवायचं असेल, तर ‘खरोखर कधी घडलं’ आणि ‘आपल्याला कधी कळलं’ अशा दोन वेगळ्या काळांच्या नोंदी लागतात. २०११ च्या एसक्यूएल मानकात या दोन्ही काळांची सोय आहे. बँक आणि विमा कंपनी यांनी ती घ्यावी, कारण तिथे जुना कागद जसाच्या तसा पुन्हा उभा करावा लागू शकतो. फराळ विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक ओळीवर ‘नोंद केल्याची तारीख’ असा एक जादा रकाना पुरेल.

कधी कधी माणूस जागचा हलतही नाही आणि पत्ता बदलतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. वसईतले लोक त्या रात्री आपापल्या घरी झोपले आणि सकाळी दुसऱ्या जिल्ह्यात उठले. ग्राहकाच्या ओळीत जिल्हा लिहिलेला असेल, तर अशा रात्री वसईतल्या एकूण एक ग्राहकाची जुनी ओळ बंद करून नवी उघडावी लागते. वर, २०१३ आणि २०१५ ची तुलना केली की ठाणे जिल्ह्यातली विक्री कोसळलेली दिसते. तिथला धंदा बसलेला नसतो, जिल्हाच लहान झालेला असतो.

यावर सोपी सुधारणा अशी की ग्राहकाच्या ओळीत तालुका ठेवायचा आणि कुठला तालुका कुठल्या जिल्ह्यात, हे वेगळ्या तक्त्यात त्याच्या स्वतःच्या तारखांसह लिहायचं. तिथे वसईच्या दोनच ओळी होतात, ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे आणि पुढे पालघर. मग हवा तो प्रश्न विचारता येतो. ‘तेव्हाचा जिल्हा’ मागितला तर वसईची २०१३ ची विक्री ठाण्यात येते, ‘आजच्या नकाशाप्रमाणे’ म्हटलं तर पालघरमध्ये. आणि या दोन्ही वेळी C-1042 ची २०२२ ची दिवाळी साताऱ्यातच राहते, कारण तिथे नकाशा बदलला नव्हता, बाई बदलीच्या गावी गेल्या होत्या. माणूस हलणं आणि सीमा हलणं या दोन गोष्टी एकाच तक्त्यात कोंबल्या, की त्या नंतर वेगळ्या करता येत नाहीत.

ओळी वाढल्या की ग्राहक मोजतानाही जपावं लागतं. नुसत्या ओळी मोजल्या तर C-1042 दोन ग्राहक होतात, म्हणून मोजणी `COUNT(DISTINCT customer_id)` अशीच हवी. कुठल्या रकान्यांचा इतिहास ठेवायचा हेही आधी ठरवावं. ‘शेवटचं लॉगिन’सारखी रोज बदलणारी गोष्ट यात घातली, तर दर ग्राहकामागे वर्षाला शेकडो ओळी साचतात आणि पत्त्याचे खरे बदल त्या ढिगात सापडत नाहीत.

जुना पत्ता ही त्या बाईंची खाजगी माहिती आहे, हेही विसरून चालणार नाही. कोण कधी कुठून कुठे राहायला गेलं, याची ही यादी चुकीच्या हाती पडली तर माग काढायला वापरता येईल. विक्रीच्या अहवालाला घर क्रमांक आणि गल्ली कधीच लागत नाही, पिन आणि तालुका पुरतात. तेव्हा इतिहासाच्या ओळींत तेवढंच ठेवावं, आणि पूर्ण पत्ता पार्सल पोचवणाऱ्या यंत्रणेत, चालू असेल तोवर, एकच असावा.