मुद्देमालातलं सोनं आणि सरकारची जबाबदारी

२० सप्टेंबर १९४७ च्या मध्यरात्री अमृतसरच्या एका सराफी पेढीचे भागीदार माल विकण्यासाठी मेरठला उतरले. चोरीच्या मालाच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना अडवलं आणि शंभर तोळ्यांहून अधिक सोनं व दोन मणांहून अधिक चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला. पुढे चांदी परत मिळाली, सोनं मात्र कधीच मिळालं नाही. मुद्देमाल ज्याच्या ताब्यात होता, तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर भरपाईचा दावा लावला. पोलिसांनी मुद्देमाल सांभाळण्यात हलगर्जी केली, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मान्य केलं आणि तरीही दावा फेटाळला. अटक आणि जप्ती हे राजसत्तेचे अधिकार आहेत, ते वापरताना नोकराकडून झालेल्या नुकसानीला सरकार जबाबदार नाही, असं कारण दिलं गेलं. ही विभागणी १८६१ च्या कलकत्त्यातल्या एका निकालातून आली होती. कंपनी सरकारच्या गोदीतल्या कामगारांच्या निष्काळजीपणामुळे एक घोडा जखमी झाला, तेव्हा असं काम खाजगी माणूसही करू शकतो म्हणून भरपाई देववली गेली. राज्यघटनेच्या कलम ३०० मुळे हीच जुनी कसोटी स्वतंत्र भारतातही टिकली. कस्तुरीलाल खटल्याचा हा निकाल लिहिणाऱ्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांना स्वतःलाच तो बोचत होता. इंग्लंडने १९४७ मध्ये कायदा करून राजसत्तेचं हे कवच काढलं, तसा कायदा आपणही करावा, असं त्यांनी सुचवलं.

संसदेत विधेयकं आली, पण कायदा झाला नाही. वाट न्यायालयांनीच काढली. बिहारमध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदुल शहांना १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी रिट अर्जातच भरपाई देववली. मूलभूत हक्क मोडल्यावर राजसत्तेचं कवच आड येत नाही, हे १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालाने स्पष्ट केलं. जप्त केलेला माल सरकारच्या ताब्यात खराब झाला, तर त्याची भरपाई द्यावी लागते, असं १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने ठरवलं. मेरठच्या सोन्यासारख्याच प्रकारात न्यायालय आता उलट बाजूला उभं होतं.

तरीही कस्तुरीलालचा निकाल मोठ्या खंडपीठाने रद्द केलेला नाही. कोठडीतल्या मृत्यूसाठी उच्च न्यायालयात रिट करता येते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र साधारणपणे दिवाणी दावाच लावावा लागतो. त्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि हलगर्जी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. तिथे सरकारी वकील आजही कस्तुरीलालचा आधार घेऊ शकतो. म्हणून गजेंद्रगडकरांनी मागितलेला कायदा अजूनही हवा आहे. तो झाला, तर नागरिकाची भरपाई कुठला निकाल लागू होतो यावर अवलंबून राहणार नाही.