उद्या सकाळी सातला नळाला पाणी असेल का?

पुण्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक छोटी बातमी येते. जलकेंद्रातील विद्युत, पंपिंग आणि स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीच्या कामांमुळे गुरुवारी शहराच्या अमुक भागांचा पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. पुणेकराच्या घरात ही बातमी वाचली की बुधवारी रात्रीच पातेली, कळश्या, पिंप भरून ठेवली जातात. पुढचं काही कुणी सांगावं लागत नाही.

पण त्याच बुधवारी रात्री स्वारगेटजवळच्या एखाद्या हॉटेलात नांदेडहून आलेलं कुटुंब उतरलेलं असतं. त्यांना ना पर्वती जलकेंद्र माहीत, ना आपलं हॉटेल कोणत्या भागात मोडतं ते. गुरुवारी सकाळी लिफ्टशेजारी एक कागद चिकटवलेला दिसतो: ‘सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत राहील. कृपया सहकार्य करावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ कागद वाचणाऱ्याच्या अंगाला तोवर साबण लागलेला असला, तर त्याला या दिलगिरीचा उपयोग काय?

या मजकुरात खोटं काही नाही. पण पाहुण्याला जे हवं त्यातलंही काही नाही. पाणी मुळीच येणार नाही की थोडं येणार? किती वाजेपर्यंत? सातची गाडी आहे, त्याआधी अंघोळ होईल का? ‘विस्कळीत’ हा शब्द यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो लिहिणाऱ्यालाच उत्तर माहीत नसतं, हे या कागदाचं खरं दुखणं. काउंटरवर बसून अशी सूचना लिहिता येत नाही. त्यासाठी आधी हौदाचं झाकण उघडून आत काठी टाकावी लागते.

समजा, ३० खोल्या भरलेलं एक मध्यम हॉटेल आहे आणि त्यात ५५ माणसं उतरली आहेत. हॉटेलसाठी भारतीय मानकांत दर खाटेमागे रोज १८० लिटर पाणी धरलेलं आहे. त्यात अंघोळ, संडास, धुणं, स्वयंपाक, झाडपूस सगळं येतं. म्हणजे दिवसाला जवळजवळ १० हजार लिटर. आता साठा पाहू. गच्चीवरची टाकी ५ हजार लिटरची आणि भरलेली आहे. खालचा हौद तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. काठी बुडवली तर ती एक मीटरपर्यंत ओली झाली, म्हणजे हौदात ९ हजार लिटर. एकूण १४ हजार. मॅनेजर खूश होतो, दीड दिवसाची सोय झाली!

इथेच हिशेब चुकतो. पंपाचा फूट व्हॉल्व्ह हौदाच्या तळाला टेकलेला नसतो, गाळ ओढू नये म्हणून तो वीतभर वर ठेवतात. या हौदात तळाच्या २० सेंटिमीटरमध्ये १,८०० लिटर पाणी अडकून पडतं. ते डोळ्यांना दिसतं, पण वर चढत नाही. आगीसाठी वेगळी टाकी असेल, तर तिलाही हात लावायचा नाही. हाती उरले १२ हजार लिटर. शिवाय प्रश्न एका दिवसाचा नसून दोन सकाळींचा आहे. हॉटेलात पाण्याचा निम्मा खप सकाळच्या चार-पाच तासांत होतो आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा’ याचा अर्थ शुक्रवारची सकाळही याच साठ्यावर काढायची. गुरुवारचे १० हजार आणि शुक्रवार सकाळचे ५ हजार मिळून १५ हजार लागणार. तीन हजार कमी.

ही तूट कशी भरायची, ते ठरलं की सूचना आपोआप लिहून होते. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं, सहा मिनिटांत ५० ते ६०. बादलीने अंघोळ केली तर वीसेक लिटरमध्ये भागतं. ५५ जणांनी शॉवरऐवजी बादली घेतली तर एका सकाळी दोन हजार लिटर वाचतात आणि दोन सकाळी मिळून चार हजार. तूट भरून थोडं वर उरतं. टँकर सांगून ठेवायचाच, पण बंदच्या दिवशी साऱ्या शहराला टँकर हवा असतो. तो ‘निघालाय’ असं फोनवर कितीही वेळा ऐकलं, तरी दारात येईपर्यंत तो हिशेबात धरू नये.

मग बुधवारी संध्याकाळी, म्हणजे पाहुण्यांना आदल्या रात्रीच काही करता येईल अशा वेळी, प्रत्येक खोलीत असा कागद जाऊ शकतो:

‘उद्या, गुरुवारी, महापालिकेचे पाणी दिवसभर बंद आहे. आमच्या टाकीतून नळाला पाणी सकाळी ५ ते १० आणि संध्याकाळी ६ ते १० मिळेल. गरम पाणी सकाळी ६ ते ९. शॉवर दोन दिवस बंद आहेत, अंघोळीला बादली वापरावी. मधल्या वेळेसाठी बाथरूममध्ये दोन बादल्या भरून ठेवल्या आहेत, आणखी हवी असल्यास काउंटरला फोन करा. पिण्याचे पाणी प्रत्येक मजल्यावर जारमध्ये आहे, नळाचे पिऊ नये. पाणी नसताना गीझर आणि नळ बंद ठेवावेत. शुक्रवारी सकाळीही पाणी कमी असेल. पुढची माहिती शुक्रवारी सकाळी ७ वाजता. तसदीबद्दल माफ करा.’

कागद अर्ध्या पानात बसतो. दिलगिरी आहे, पण शेवटी, कामाचं सगळं सांगून झाल्यावर. शॉवर का बंद, पंप कोणता, जलकेंद्र कुठलं, याचा उल्लेख नाही. ज्याला कुतूहल असेल तो विचारेल. ‘नळाचे पिऊ नये’ हे वाक्य मात्र गाळण्यासारखं नाही, कारण टँकरचं पाणी त्याच टाकीत पडणार आहे आणि ते पिण्याजोगं असेलच, याची खात्री हॉटेलवाला देऊ शकत नाही.

पाणीटंचाईत आकडा किती कामाचा, ते दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनने दाखवलं. तिथे १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. ‘पाणी जपून वापरा’ ही मोघम विनंती मागे पडली आणि शॉवर दोन मिनिटांत उरका, असं पाहुण्यांना स्पष्ट सांगितलं जाऊ लागलं. काही हॉटेलांनी तर बाथटबची बुचंच काढून नेली. सूचना न वाचणाऱ्या पाहुण्यापुढे बूच काढून नेण्याइतकी स्पष्ट सूचना दुसरी नसावी.

लिफ्टचा मामला वेगळा. पाण्याचा साठा मोजता येतो, लिफ्ट कधी सुरू होईल ते मोजता येत नाही. ठरलेली देखभाल असेल तर ‘मंगळवारी ११ ते २’ असं लिहिता येतं आणि ते बहुधा खरं ठरतं. पण लिफ्ट अचानक थांबली, तर दोष दाराच्या लॉकच्या संपर्कात आहे की कंट्रोल पॅनेलच्या कार्डात, हे तंत्रज्ञ येऊन पाहीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. पहिला दोष असेल तर कधीकधी तासाभरात काम होतं. दुसरा असेल आणि सुटा भाग बाहेरून मागवायचा असेल, तर तीन-चार दिवस सहज जातात. अशा वेळी ‘थोड्याच वेळात सुरू होईल’ असं लिहिणारा स्वतःलाच अडचणीत टाकतो. चौथ्या मजल्यावरच्या आजी त्या भरवशावर खाली येतात आणि दुपारभर लॉबीत बसून राहतात.

लिफ्ट सुरू होण्याची वेळ सांगता येत नसली, तरी पुढची बातमी कधी देणार ते सांगता येतं: ‘लिफ्ट सकाळी ९ पासून बंद आहे. तंत्रज्ञ ११ पर्यंत येणार आहेत. किती वेळ लागेल ते साडेअकराला येथेच लिहू.’ साडेअकराला काही कळलं नसेल, तर ‘अजून कळलेलं नाही, पुन्हा १ वाजता’ असं लिहायचं. पाहुणा तेवढ्यावर आपला दिवस ठरवू शकतो.

पर्यायही नेमके हवेत. ‘कृपया जिन्याचा वापर करावा’ हा काही पर्याय नव्हे, जिना पाहुण्याला दिसतोच. मजल्याची उंची तीन मीटर आणि पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर एका मजल्याला २० पायऱ्या होतात, चौथ्याला ८०. हा आकडा लिहिला की गुडघेदुखीचा माणूस स्वतःच ठरवतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची ठेवली आहे, सामान आमची माणसं आणतील, खालच्या मजल्यावर दोन खोल्या राखून ठेवल्या आहेत, नाश्ता खोलीत येईल, असं लिहिलं म्हणजे पर्याय दिला. मात्र त्या दोन खोल्या खरोखर रिकाम्या हव्यात. पाटी लावून झाल्यावर खोल्या शोधायला निघणारी हॉटेलंही असतात.

ही पाटी फक्त तळमजल्यावर लावून भागत नाही, तरी बहुतेक ठिकाणी ती तिथेच असते. चौथ्या मजल्यावरचा पाहुणा बॅगा घेऊन बटण दाबत उभा असतो आणि त्याला काही दिसत नाही. प्रत्येक मजल्यावर, बटणाच्या अगदी शेजारी पाटी हवी.

जे पाहुणे अजून पोचलेच नाहीत, त्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक. फोन केला तर बुकिंग रद्द होईल, ही भीती खरी आहे. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. लिफ्ट दोन दिवस बंद राहणार हे माहीत असताना चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्याला तिसऱ्या मजल्यावरची खोली देणं त्या व्याख्येच्या फार जवळ जातं. सकाळीच फोन करून ‘खालची खोली देतो, नाहीतर पैसे परत’ असं विचारलं, तर निदान तो माणूस रात्री दहाला सामानासह दारात उभा राहून भांडत नाही.

शेवटचं काम शुक्रवारी दुपारी, महापालिकेचं पाणी आल्यावर. पाणी नसताना कुणीतरी नळ फिरवून पाहिलेला असतो, काही येत नाही म्हणून तसाच उघडा टाकून तो फिरायला गेलेला असतो. बेसिनच्या जाळीवर टॉवेल पडलेला असला, तर टाकीचा व्हॉल्व्ह उघडल्यावर तासाभरात पाणी खोलीतून कॉरिडॉरमध्ये येतं. जाणती हाउसकीपिंगची बाई म्हणून आधी चाव्यांचा जुडगा घेऊन रिकाम्या खोल्यांतून फिरते, प्रत्येक नळ हाताने बंद करते आणि मग गच्चीवरच्या माणसाला हाक मारते. पहिलं गढूळ पाणी मोरीत सोडून देते. खोल्यांतले आणि भिंतीवरचे कालचे कागदही त्याच फेरीत काढून आणते, नाहीतर शनिवारी आलेला पाहुणा शॉवर बंद आहे असं समजून बादली मागवत बसतो.