समासातले दोन शब्द

महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेले शिक्षक फार. पूर्वी पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला आठवत नसे, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची सोयीची तारीख टाकून मोकळे होत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ही सगळी मंडळी अठ्ठावन्न पूर्ण होताना ३१ मे रोजी सेवामुक्त होतात. तेव्हा शाळेला सुटी असते आणि वर्ग रिकामे असतात. निरोप द्यायला उरतात ते माजी विद्यार्थी, आणि तेही पुणे, मुंबई, दुबईत विखुरलेले. म्हणून सेवापूर्तीच्या समारंभात हल्ली व्हिडिओ असतो.

आमच्या गणिताच्या बाईंसाठी तो करायचं काम माझ्याकडे आलं. मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं, ‘बाईंबद्दल दोन शब्द बोलून व्हिडिओ पाठवा.’ तिथेच चुकलो. पंधरा दिवसांत सेहेचाळीस व्हिडिओ आले, सगळे मिळून एक तास बारा मिनिटांचे. त्यातले निम्मे ‘बाई, आज मी जो काही आहे तो तुमच्यामुळेच’ इथे सुरू होत होते आणि ‘पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा’ इथे संपत होते. भावना खरी होती, पण बाईंचं नाव काढून भूगोलाच्या सरांचं घातलं असतं तरी एकही शब्द बदलावा लागला नसता.

मग मी तीन प्रश्न ठरवून एकेकाला फोन केला. बाई वर्गात आल्या की हातात काय असायचं? त्यांचं कुठलं वाक्य अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं? तुमच्या वहीत त्यांनी काय लिहिलं होतं? एका प्रश्नाचं उत्तर द्या, अर्ध्या मिनिटात, म्हणजे साधारण साठ शब्दांत. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द वापरायचा नाही. फोन आडवा धरा, पंखा बंद करा, आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर चेहरा धूसर दिसतो.

दुसऱ्या खेपेला आलं ते सामान वेगळंच होतं. मी प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण संहिता तिथेच घडते. बोलणारा डोळ्यांसमोर असला की त्याचा हुद्दा, कोट, मागची गाडी दिसते. कागदावर फक्त वाक्य उरतं. चांगल्या वाक्यांखाली रेघ मारत गेलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. बाई चुकलेल्या गणितावर फुली मारत नसत. जिथे पायरी घसरली तिथे समासात लाल पेनाने लिहीत, ‘कुठे अडलास?’ १९९५च्या बॅचनेही हेच सांगितलं आणि २०१९च्याही. या मुलांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

व्हिडिओचा कणा सापडला. सुरुवातीची संहिता अशी झाली:

काळा पडदा. फळ्यावर खडू घासल्याचा आवाज.
शेताच्या बांधावर उभा एक जण, १९९५ची बॅच: ‘उत्तर चुकलं होतं. वही परत आली तर फुली नाही.’
दवाखान्यात बसलेली एक जण, २००३ची बॅच: ‘समासात लाल पेनाने दोन शब्द.’
बसच्या स्टिअरिंगवर हात ठेवून एक जण, २०११ची बॅच: ‘कुठे अडलास?’
हॉस्टेलच्या खोलीतली मुलगी, २०१९ची बॅच: ‘कुठे अडलीस?’
जुन्या वहीचं पान. समास. लाल अक्षर.

चौघांनी मिळून एकच गोष्ट सांगितली आणि तीस सेकंदांत चोवीस वर्षं गेली. एकेकाचा निरोप अख्खा लावला असता तर तीच आठवण चारदा ऐकावी लागली असती आणि तिसऱ्या वेळेला मांडवात चुळबुळ सुरू झाली असती. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. वाक्य कापताना त्याचा अर्थ फिरता कामा नये. कुणी म्हणालं असेल ‘बाईंची भीती वाटायची, पण पहिल्या महिन्यातच’, तर ‘पण’च्या आधी कात्री चालवायची नाही.

क्रम लावताना संयोजकांशी माझी चकमक झाली. त्यांना अधिकारी झालेला विद्यार्थी पहिला हवा होता. मी नावाखाली हुद्दा लिहायलाच नकार दिला. फक्त नाव आणि दहावीचं वर्ष. बाईंना तो अधिकारी नववीत बीजगणितात अडलेला म्हणूनच आठवत होता.

दोन निरोपांवर रात्रभर विचार केला. एकाने जुन्या काळातल्या पट्टीच्या माराची गंमत रंगवून सांगितली होती. सांगणारा हसत होता, पण मांडवात आजची मुलं आणि पालक बसणार होते, आणि शाळेत शारीरिक शिक्षेला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. ते काढलं. दुसरीने सांगितलं होतं की आठवीत वडील तिची शाळा बंद करणार होते आणि बाई संध्याकाळी घरी येऊन ओट्यावर बसून राहिल्या. व्हिडिओतला तो सगळ्यात मोलाचा तुकडा होता. पण ते वडील पहिल्या रांगेत बसणार होते. तिला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘वडील हा शब्द काढ, बाकी राहू दे.’ तेवढं वाक्य तिच्याकडून नव्याने मागवलं, ‘घरात शाळा बंद करायचं ठरलं होतं.’

शेवटी संहितेत एकोणीस जण बोलले, सात मिनिटं. उरलेले सत्तावीस रुसले असते. त्यांचे हसरे चेहरे नाव आणि वर्षासह अखेरीस प्रत्येकी दोन सेकंद दाखवले. एक मिनिटही लागलं नाही. मागे सिनेगीत लावलं नाही, कारण गाण्याखाली माणसाचा आवाज बुडतो. नावं मात्र तीनदा तपासली. एका शिंत्रेचा ‘शित्रे’ झाला होता, आणि पाहणारी व्यक्ती आयुष्यभर वह्या तपासत आलेली होती.

तांत्रिक घोळ समारंभाच्या सकाळीच कळला. मे महिन्यात अकरा वाजता कापडी मांडवात प्रोजेक्टरचं चित्र दिसतच नाही. आम्ही कार्यक्रम शाळेच्या सभागृहात हलवला आणि खिडक्यांना सतरंज्या लावल्या. आवाजासाठी लॅपटॉपसमोर माइक धरायला मंडपवाला निघाला होता. तसं केलं की डब्यातून बोलल्यासारखं ऐकू येतं. लॅपटॉपपासून त्याच्या मिक्सरपर्यंत जाणारी वायर तालुक्याहून आणली, तेव्हा कुठे एकोणीस फोनांतून आलेले आवाज नीट ऐकू आले.

बाईंना पेन ड्राइव्हमध्ये कापलेला व्हिडिओ दिला आणि शेजारी न कापलेले सगळे निरोपही. ते कोट, ती लांबलचक भाषणं, ‘तुमच्यामुळेच’सुद्धा. सभागृहात सात मिनिटं पुरतात, घरी बसून पाहायला त्यांच्याकडे आता वेळ आहे.

तुमच्या शाळेत कुणी ३१ मेला निवृत्त होत असेल तर मार्चमध्येच फोन करायला लागा. एप्रिल-मेमध्ये सगळे लग्नात असतात. आणि जुनी वही कुणाकडे आहे का, हे आधी विचारा.