पेल्यातले कोयनेल

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी माझे आतेभाऊ पहाटे न्हाणीघरात भोवळ येऊन पडले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वय एकाहत्तर. काही क्षणांत शुद्धीवर आले, कपाळाला खोक पडली होती, एवढेच. रुग्णालयात ईसीजी काढला, रक्त तपासले आणि डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणकोणती औषधे चालू आहेत?" वहिनींनी गोळ्यांची पिशवी पुढे केली. हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून सोटॅलॉल आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. "आणखी काही?" दादा म्हणाले, "नाही."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी कपडे आणायला गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याखाली टॉनिक वॉटरच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. दादा दारूला शिवत नाहीत, म्हणून मी विचारले. "अरे, ते औषध थोडंच आहे! कडू सोडा आहे तो. रात्री पोटरीत गोळे येतात ना, त्यावर चांगला म्हणून परदेशातल्या भाच्यानं सांगितलं." चार महिने ते रोज रात्री झोपताना साधारण अर्धा लिटर पीत होते. या पेयातला कडवटपणा क्विनीनचा, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत कोयनेलचा. मी डॉक्टर नाही. औषधांचा इतिहास वाचायचा नाद मात्र जुना आहे आणि त्या वाचनात कोयनेल व हृदय यांची गाठ मला आधी पडलेली होती. म्हणून बाटल्यांचे डॉक्टरांना सांगितले आणि मग या विषयाच्या मागे लागलो.

कोयनेल आपल्याला हिवतापावरचे औषध म्हणून ठाऊक आहे. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून ते 1820 साली पॅरिसमध्ये पेलतिए आणि काव्हाँतू या दोघांनी वेगळे काढले. पुढे इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सिंकोनाची लागवड केली. कडू पूड घशाखाली उतरावी म्हणून ती साखर आणि सोड्यात मिसळायची पद्धत पडली, तिचेच बाटलीबंद रूप म्हणजे टॉनिक वॉटर. 1858 साली लंडनमध्ये त्याचे पेटंटही निघाले.

हृदयाशी त्याचा संबंध मात्र एका रुग्णाने दाखवून दिला. 1912 साली वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी कमालीची अनियमित होती, आज ज्याला आपण एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो तोच विकार. वेंकेबाखने सांगितले की यावर फारसा इलाज नाही. व्यापारी हिवतापाच्या मुलखात राहून आलेला होता. तो म्हणाला, माझी नाडी मीच ठीक करतो, उद्या सकाळी पाहा. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा नाडी अगदी नियमित होती. त्याने एक ग्रॅम कोयनेल घेतले होते. वेंकेबाखने इतर रुग्णांवर ते वापरून पाहिले, पण गुण थोड्यांनाच आला. 1918 साली फ्राय या वैद्याने सालीतली निरनिराळी द्रव्ये ताडून पाहिली आणि कोयनेलचे जुळे भावंड असलेले क्विनिडीन सर्वांत परिणामकारक ठरवले. दोघांचे अणू सारखेच, फक्त त्यांची अवकाशातली मांडणी वेगळी. पुढे कित्येक दशके क्विनिडीन हे ठोके सुधारण्याचे प्रमुख औषध होते.

त्याच काळात त्याचा दुसरा चेहराही दिसला. क्विनिडीन घेणारे काही रुग्ण अचानक बेशुद्ध पडत, काही दगावत. 1964 साली हृदयाला जोडलेल्या यंत्रावर त्यामागचे कारण पकडले गेले: ठोके सुधारणारे औषधच अधूनमधून प्राणघातक ठोके निर्माण करत होते.

ते कसे, हे समजायला ठोक्याचा उत्तरार्ध पाहावा लागतो. ठोका पडताना हृदयाच्या पेशीत विजेचा भार उसळतो. पुढच्या ठोक्यासाठी पेशीला पूर्ववत व्हावे लागते आणि त्यासाठी पोटॅशियम पेशीबाहेर पडावे लागते. ते बाहेर जाण्याची दारे ठरलेली आहेत. क्विनिडीन यांतले एक दार अडवते, कोयनेलही अडवते, पण त्याचा जोर बराच कमी असतो. दार अडले की पेशीला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. ईसीजीवर हा वेळ क्यूटी अंतर म्हणून मोजतात. नाडीच्या वेगाचा हिशेब करून काढलेले हे अंतर पुरुषांत साधारण 450 मिलिसेकंदांपर्यंत ठीक समजतात. 500च्या पुढे गेले की डॉक्टर सावध होतात. पेशी अर्धवट सावरलेली असताना मधेच एखादा ठोका पडला, तर ईसीजीची रेघ पिळलेल्या दोरीसारखी वळू लागते. या अवस्थेला फ्रेंच नाव आहे, टॉर्साड द प्वाँत. ती आपोआप थांबली तर माणसाला नुसती भोवळ येते. थांबली नाही तर हृदय बंद पडते.

आता दादांच्या गोळ्यांकडे वळू. सोटॅलॉलचे कामच हे अंतर वाढवण्याचे. ठोक्यांना शिस्त लागते ती त्यानेच. म्हणजे औषध ते दार आधीच ठरवून अर्धवट लोटत असते आणि टॉनिक वॉटर त्याच दाराला आणखी हात लावते. शिवाय सोटॅलॉल नाडी मंद करते आणि मंद नाडीत क्यूटी आणखी लांबते. रात्री झोपेत नाडी मुळातच मंद होते, आणि दादांचा पेला असायचा झोपताना.

तरीही एका पेल्यात असते किती? अमेरिकेत लिटरला 83 मिलिग्रॅमपर्यंत कोयनेल घालायला परवानगी आहे. हे प्रमाण धरले तर दादांच्या अर्ध्या लिटरमध्ये 41 मिलिग्रॅम झाले. कोयनेल शरीरातून निम्मे व्हायला धडधाकट माणसात अकरा तास लागतात, वृद्धात अठराच्या आसपास. त्यामुळे दुसऱ्या रात्री पेला हातात घेताना आदल्या रात्रीचे सुमारे 16 मिलिग्रॅम अंगात शिल्लक असते. रोजची भर आणि रोजची घट यांचा मेळ बसल्यावर पेला प्यायल्यावर अंगात 68 मिलिग्रॅमच्या जवळपास कोयनेल असणार. हिवतापात एका वेळी देतात त्याचा हा ढोबळमानाने आठवा भाग. निरोगी माणसाच्या हृदयावर एवढ्याचा परिणाम नगण्य. जिन आणि टॉनिकचा एखादा पेला घेणाऱ्यांनी म्हणूनच घाबरून जायचे कारण नाही. ठोक्यांवर झालेले ठळक परिणाम बहुतेक गोळ्यांच्या मोठ्या मात्रेवर नोंदले गेले आहेत.

मग दादांना का भोवले? माझ्या मते उत्तर त्यांच्या पोटऱ्यांत होते. लघवी वाढवणारी गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर टाकते. दादांचे पोटॅशियम 3.0 निघाले, ते 3.5च्या वर असायला हवे. कमी पोटॅशियमने पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात. त्याच कमी पोटॅशियमने हृदयातले ते दारही कमी उघडते आणि दार अडवणारी औषधे जास्त घट्ट बसतात. पायातला गोळा हा खरे तर रक्त तपासून घ्या असा निरोप होता. दादांनी त्यावर उपाय म्हणून तिसरा अडसर पोटात ढकलला. गोळे काही थांबले नव्हतेच. प्रवेशाच्या वेळी त्यांचे क्यूटी 512 होते.

डॉक्टरांनी सोटॅलॉल थांबवले, शिरेतून मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दिले, टॉनिक बंद केले. पाचव्या दिवशी अंतर 448वर आले. यात कोयनेलचा वाटा किती, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "तीनही गोष्टी एकदम काढल्या, त्यामुळे वाटणी करता येणार नाही. एकट्या टॉनिकनं हे झालं नसतं. पण हे माहीत असतं, तर पहिल्याच दिवशी बंद केलं असतं." मला हे उत्तर प्रामाणिक वाटले.

दुसरी वाट वेगळी आहे आणि ती ईसीजीवर आधी दिसत नाही. नाडीचा वेग आवरायला डिजॉक्सिन देतात. ते शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे आणि पित्त करतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले की क्विनिडीन सोबत दिले की रक्तातले डिजॉक्सिन जवळजवळ दुप्पट होते. कोयनेलही ते पित्तावाटे बाहेर पडण्यात अडथळा आणते, परिणाम त्याहून कमी, पण मोजण्याजोगा. डिजॉक्सिनमध्ये गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. अन्नावरची वासना जाणे, मळमळ, पिवळसर दिसणे, नाडी फार मंद होणे ही त्याची लक्षणे. वृद्धात ती वयाच्या खात्यावर टाकली जातात. इथेही पुरावा गोळ्यांच्या मात्रेचा आहे, पण रोज लिटरभर टॉनिक पिणाऱ्याने रक्तातले डिजॉक्सिन तपासून घ्यावे हे उत्तम.

पायातल्या गोळ्यांसाठी कोयनेल हा समज जुना आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1994 साली त्यासाठी दुकानातून चिठ्ठीविना होणारी विक्री बंद केली आणि 2006 साली परवाना नसलेल्या सगळ्याच कोयनेल गोळ्या बाजारातून काढायला लावल्या. कारणांत ठोक्यांचे बिघाड होतेच. गोळी गेली, पेय राहिले, आणि गोळीबद्दलचा सल्ला पेयाला चिकटला.

साधा सोडा आणि टॉनिक वॉटर यांत गफलत होते. साध्या सोड्यात कोयनेल नसते. साखर नसलेल्या टॉनिकमध्ये मात्र ते असतेच, मधुमेही मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. वेष्टनावरचे घटक वाचावेत. आणखी एक गमतीची खूण आहे. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली काळोखात टॉनिकचा पेला धरला की तो निळसर चमकतो. कोयनेलची ही निळाई हर्शेलने 1845 साली वर्णिली होती. मी दादांच्या घरी हा प्रयोग केला, तेव्हा वहिनी बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिल्या.

सोटॅलॉल, अमिओडॅरोन, डायसोपिरामाइड किंवा क्विनिडीन घेणाऱ्याने टॉनिक वॉटर टाळावे. अमिओडॅरोन बंद केल्यावरही कित्येक महिने अंगात राहते, तेव्हा पथ्यही तितके दिवस पाळावे. टॉनिक रोज घेत असाल आणि भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत धडधड झाली, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. ठोक्यांची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. पायात गोळे येत असतील तर आधी पोटॅशियम तपासावे.

दादांच्या गोळ्यांच्या पिशवीत आता वहिनींच्या अक्षरातली एक चिठ्ठी असते. गोळ्यांच्या नावांखाली त्यांनी लिहिले आहे, "पिण्याचे पदार्थही सांगणे."