४ जूनचा तोटा, वहीतल्या नोंदीसह

२०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्याचा विषय शेअर बाजारात अजून निघतो. १ जूनच्या संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले, सोमवारी ३ तारखेला निफ्टी सातशेहून अधिक अंकांनी उसळून २३,२६४ च्या आसपास बंद झाला. मंगळवारी मतमोजणीचे आकडे अपेक्षेपेक्षा वेगळे दिसू लागले तसा तो २१,२८१ पर्यंत घसरला. शुक्रवारी, ७ तारखेला, तो २३,२९० वर परतला होता.

त्या आठवड्यातला एक सौदा उदाहरणादाखल मांडू. सोयीसाठी निर्देशांकाचेच भाव धरू. भांडवल १० लाख. वहीतला नियम असा, की एका सौद्यात १ टक्क्याहून, म्हणजे १० हजारांहून जास्त धोका घ्यायचा नाही. सोमवारी २३,२५० ला फ्युचर्सचा एक लॉट (तेव्हा २५ चा) घेतला, स्टॉपलॉस ४०० अंक खाली, २२,८५० ला. मंगळवारी तो लागला, विक्री २२,८३० ला झाली. तोटा १०,५००. विक्रीत वीस अंक निसटल्याने मर्यादेपेक्षा पाचशे जास्त, बाकी सगळे ठरल्याप्रमाणे.

शुक्रवारचा भाव पाहून वाटते, स्टॉपलॉस नसता तर हजार रुपये सुटले असते. मंगळवारचा तळ पाहून वाटते, त्याने ४९ हजारांचा फटका वाचवला. दोन्ही निष्कर्ष नंतरच्या भावांवरून काढलेले आहेत. सोमवारी या दोहोंपैकी काहीच माहीत नव्हते, म्हणून निर्णय तपासताना दोन्ही बाजूला ठेवायचे.

मग उरतात तीन तपासण्या. अंमलबजावणी: आकार, स्टॉपलॉस, विक्री नियमानुसारच झाली. निकाल: असा एक तोटा पद्धतीविषयी जवळपास काहीच सांगत नाही. दहापैकी चार सौदे जिंकणारी आणि नफा तोट्याच्या दुप्पट देणारी पद्धत दीर्घकाळात फायद्याची असते; तरी तिच्यात ठरावीक कोणतेही पाच सौदे ओळीने हरण्याची शक्यता सुमारे ८ टक्के असते.

तिसरी तपासणी नियमाचीच. मे महिनाभर इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजाराला अपेक्षित असलेल्या चढ-उताराचे माप, चढत गेला होता आणि मतमोजणीची तारीख जाहीर होती. तरीही ४०० अंकांचे अंतर शांत दिवसांच्या सवयीचे राहिले. मोठ्या, आधीच ठाऊक असलेल्या घटनेच्या आदल्या दिवशी काय करायचे याबद्दल वहीत एक ओळही नव्हती. ही उणीव सोमवारीच दिसण्यासारखी होती.

तोट्याच्या रागातून तर ही उणीव सुचली नाही ना, हे पडताळता येते. मंगळवारी बाजार वर गेला असता आणि सौदा जिंकला असता, तरी हीच ओळ वहीत लिहावी लागली असती का? इथे उत्तर हो आहे, म्हणून नियम बदलायचा: अशा दिवशी लॉट न ठेवणे, किंवा तोटा मर्यादित राहील असा पुट घेणे. ‘स्टॉपलॉस रुंद करा’ ही सूचना मात्र फक्त शुक्रवारचा भाव माहीत असल्यामुळे सुचते. ती वहीत उतरवायची नाही.