उद्याचं वेळापत्रक, आजचं दप्तर

आम्ही चंदीगडला राहतो, लेक तिसरीत आहे. तिचं वजन 24 किलो. 2020च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, म्हणजे हिच्यासाठी 2.4 किलो. मी सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. रिकामं दप्तर 600 ग्रॅम, अर्धा लिटर पाण्यासकट बाटली 700, भरलेला डबा 400, कंपासपेटी 200. झाले की 1.9 किलो! पुस्तकांना उरलं अर्धा किलो.

म्हणून रात्री दप्तर आधी पूर्ण रिकामं करायचं. कालचं काढलं नाही की आजचं त्यावर चढतं. मग वेळापत्रकातल्या तासांच्या क्रमाने भरायचं: गणिताचं पुस्तक आणि वही, हिंदीची वही, बास. बाकी पुस्तकं शाळेत ठेवता येतील का, हे बाईंना विचारा. शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असेल तर बाटली रिकामी द्या, अर्धा किलो तिथेच वाचतो.

डबाही वेळापत्रक बघूनच भरते. मधल्या सुट्टीनंतर लगेच खेळाचा तास असेल, तर पोटभर पुलाव नको, भाजी घालून गुंडाळलेली पोळी बरी. इथल्या जानेवारीत साधी पोळी दुपारपर्यंत वातड होते, त्यामुळे मेथीचे पराठे तूप लावून देते. रस्सा असेल तर डबा आधी बेसिनवर उलटा धरून बघा, थेंब आला की रस्सा रद्द.

डबा अर्धा परत आला तर 'आवडलं नाही का?' असं विचारायच्या आधी 'वेळ पुरला का?' हे विचारा.