३१ तारखेचा हप्ता २८ वर का अडकतो?

उसनवारीचे हप्ते एक्सेलमध्ये मांडताना अनेकांना हा अनुभव येतो. पहिली तारीख ३१ जानेवारी २०२५. खालच्या चौकटीत `=EDATE(A2,1)` लिहिलं, सूत्र खाली ओढलं. २८ फेब्रुवारी आला, ते ठीक. पण पुढे २८ मार्च, २८ एप्रिल! मार्चला तर ३१ दिवस असतात.

EDATE महिना पुढे सरकवतं आणि तारीख तीच ठेवू पाहतं. त्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर शेवटच्या दिवशी थांबतं. इथवर चूक नाही. चूक आपल्या साखळीत आहे. मार्चची तारीख आपण फेब्रुवारीच्या तारखेवरून काढली आणि त्या चौकटीत आता फक्त २८ उरलंय. मूळ ३१ची आठवण तिथे नाही. शिंप्याने प्रत्येक कापड आधीच्या कापलेल्या तुकड्यावरून मापावं, तसं हे झालं. एकदा आखूड झालं की पुढचं सगळं आखूड.

म्हणून दर वेळी मूळ तारखेपासूनच मोजा. A3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=EDATE($A$2,ROWS($A$3:A3))
```

आता २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे असं येतं.

`EOMONTH` ही चूक करत नाही, कारण ते सुरुवातीचा दिवस पाहतच नाही, थेट महिनाअखेर देतं. पण करार ३० तारखेचा असेल, तर ते मेमध्ये ३१ दाखवेल. त्यामुळे करारात 'महिनाअखेर' लिहिलंय की ठरावीक तारीख, हे आधी वाचा आणि मगच सूत्र निवडा.